चार पानी, लेटर आणि ए-फोर, स्वतः बदला

लोक वाचत नाहीत. हे माझं ठाम मत आहे आणि ते मी हवेतून काढलेलं नाही. सव्वीस वर्षं मी झीलँड गावातल्या आमच्या चर्चच्या कचेरीत बसून दर रविवारची पत्रिका टाइप केली. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं की जेवण तळघरात आहे. तरी प्रार्थना संपली की दहाजण येऊन विचारायचे, "कोरीन, जेवण कुठे गं?" मग चर्चच्या मंडळाने भिंतीवर पडदा लावला, सगळं पडद्यावर दिसायला लागलं आणि मला केक कापून घरी पाठवलं.

घरी बसून मी नवऱ्याचं डोकं खाईन अशी सगळ्यांना धास्ती होती, म्हणून माझ्या भावाच्या मुलीने, टेसाने, मला ऑनलाइन बाजारात दुकान काढून दिलं. या बाजारात वस्तू मिळत नाही, फाइल मिळते. कुणी आठवड्याच्या स्वयंपाकाचा तक्ता विकतं, कुणी औषधांच्या वेळांची वही, कुणी लग्नाच्या पाहुण्यांची यादी. गिऱ्हाइकाने फाइल उतरवून घ्यायची आणि आपली आपण छापायची. मी अंत्यविधीच्या पत्रिकांचे नमुने विकते. चर्चमध्ये आल्यावर हातात देतात ती घडीची पत्रिका. पहिल्या पानावर वारलेल्या माणसाचा फोटो, आत दोन शब्द त्याच्याबद्दल, प्रार्थनेचा क्रम, आणि मागच्या पानावर जेवणाला कुठे यायचं ते. अशा शेकडो मी हाताने केल्यात. मेलेल्या माणसाचं नाव चुकवायचं नसतं, एवढं एक मला नक्की येतं.

दुकानात शीर्षक म्हणजे सर्वस्व. एकशेचाळीस अक्षरं मिळतात आणि त्यांतच सगळं कोंबायचं असतं. माझं सगळ्यात खपणारं शीर्षक असं: "अंत्यविधी पत्रिका नमुना, स्वतः बदला, चार पानी, लेटर आणि ए-फोर, पीडीएफ, आजी-आजोबा, चर्चमधील प्रार्थनेसाठी, लगेच डाउनलोड." वाचायला ते किराणा मालाच्या यादीसारखं वाटतं, मला मान्य आहे. पण टेसा म्हणते, "आत्या, माणूस शोधताना कविता टाइप करत नाही. त्याला काय हवंय, कशासाठी हवंय आणि कुठल्या फाइलमध्ये, एवढंच टाइप करतो." मी तिचं ऐकलं. आणि तरीही लोक विचारतात, "पाकीट अजून पोचलं नाही, कधी येणार?" अहो, लगेच डाउनलोड असं लिहिलंय ना! पाकीट कुठून येणार?

रोज तेच ते टाइप करून मी हात टेकले, म्हणून तीन उत्तरं तयार करून ठेवली. पहिलं: ही फाइल आहे, टपालाने काही येणार नाही. दुसरं: कृपया फोनवर नको, कंप्युटरवर उघडा. तिसरं: पान एकदा पुन्हा ताजं करून बघा. प्रत्येकाच्या शेवटी "तुमच्या दुःखात सहभागी आहे" हेही असतं. एक बटण दाबलं की उत्तर जातं. शंभरातल्या नव्वद जणांचं या तिन्हींत भागतं.

'ए-फोर' हा शब्द शीर्षकात नवीनच आला होता. आमच्याकडे कागद लेटर मापाचा, पण बाहेरच्या देशांत सगळे ए-फोर वापरतात. टेसाच म्हणाली, "दोन्ही मापं दे, शीर्षकात लिही, तिकडचे लोकही येतील." म्हणून आदल्या शुक्रवारी मी बसून दुसरं माप केलं आणि गिऱ्हाइकाला मिळणारी पीडीएफ नव्याने बनवली. त्या पीडीएफमध्ये खरं म्हणजे फक्त एक दुवा असतो. तो दाबला की डिझाइनच्या संकेतस्थळावर माझा नमुना उघडतो आणि माणूस त्यात आपलं नाव, फोटो, मजकूर घालतो. दोन मापांचे दोन दुवे टाकले, शीर्षक बदललं आणि वर पावाला लोणी लावून खाल्लं. काम चोख झालं अशी माझी समजूत होती.

बुधवारी सकाळी नऊला पहिला निरोप होता तो जॉर्जिया राज्यातल्या डेनिटा रॉल्स नावाच्या बाईंचा. त्यांची आई गेली होती. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, तुमच्या नमुन्यातला आतला मजकूर वाचून मी रडले. इतकं खरं कुणी लिहीत नाही. मी बराचसा तसाच ठेवलाय, फक्त नावं बदलली. मध्येच एकदा लॅव्होन हे नमुन्यातलं नाव परत आलं होतं, पण मी ते नीट केलं आणि छापायला दिलं. देव तुमचं भलं करो."

इतक्या वर्षांत माझ्या मजकुराचं कौतुक कुणी केलं नव्हतं. नमुन्यात आतल्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या खऱ्या, बाग आणि नातवंडं वगैरे. मला वाटलं, आहे बाबा, कुणीतरी वाचणारं आहे. मी लगेच स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, बटण दाबून नव्हे: "मनापासून आभार. मनापासून लिहिलं होतं." गॉर्डला, म्हणजे नवऱ्याला, मोठ्याने वाचूनही दाखवलं.

"बघ," मी म्हणाले, "साहित्यिक झाले मी."

"मग आता भांडी कोण घासणार?" तो म्हणाला.

दुसरा निरोप अर्कन्सामधल्या थर्मन बीझली नावाच्या माणसाचा. "मॅडम, काल मी माझ्या बायकोबद्दल सगळं लिहून ठेवलं होतं. आज उघडलं तर तिथे दुसरीच बाई आहे."

मी म्हटलं, आला आणखी एक. फोनवर उघडलं असणार, कुठलं तरी भलतंच पान. दुसरं उत्तर पाठवलं.

वीस मिनिटांनी परत. "कंप्युटरवरच आहे. लायब्ररीत आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं."

तिसरं उत्तर पाठवलं. आणि खरं सांगते, मी चिडले होते. अंत्यविधीची पत्रिका करणं म्हणजे काय रॉकेट उडवणं आहे? नाव लिहा, फोटो टाका, साठवा. मी गॉर्डला म्हणाले, "यांना शीर्षकात 'स्वतः बदला' लिहिलेलं दिसतं, पण स्वतः बदलायचं म्हटलं की हात कापतात."

"म्हातारा असेल," गॉर्ड म्हणाला.

"म्हातारी मीपण आहे."

दुपारी बाराच्या सुमारास मी हॅमचा बन खात होते तेव्हा तिसरा निरोप आला. गॉर्ड माझ्या खुर्चीमागून कॉफी न्यायला चालला होता, तो वाचून थांबला. एकच ओळ होती: "मॅडम, कुणीतरी माझ्या बायकोला पुसतंय."

"हा माणूस वेडा नाही गं," गॉर्ड म्हणाला.

"मग काय? भूत आहे का फाइलमध्ये?"

"तू एकदा उघडून तरी बघ. सकाळपासून नुसती बटणं दाबतेयस."

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. मी बन खाली ठेवला आणि संकेतस्थळावर माझा मूळ नमुना उघडला.

मूळ नमुना म्हणजे माझा. त्यात 'मार्गारेट रोझ' असं खोटं नाव, एका अनोळखी म्हातारीचा विकतचा फोटो, आणि माझ्या त्या दोन ओळी. पण तिथे मार्गारेट रोझ नव्हती. वर मोठ्या अक्षरांत कुणीतरी 'पापा' लिहिलं होतं, एका टोपीवाल्याचा फोटो होता, आणि आतलं पान अर्धं रिकामं. माझ्या डोळ्यांदेखत त्या रिकाम्या जागेत अक्षरं उमटायला लागली. ल. लॅ. लॅव्हो. शेजारी एक निळा बाण, त्यावर 'थर्मन' लिहिलेलं. तो एकेक अक्षर शोधून शोधून टाइप करत होता. पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून एक हिरवा बाण आला, त्यावर नुसतंच 'पाहुणा' होतं. त्याने ती सगळी चौकट उचलली आणि पुसून टाकली. निळा बाण जागच्या जागी थांबला. मग पुन्हा सुरू झाला. ल.

मी शुक्रवारचे दुवे काढून बघितले.

त्या संकेतस्थळावर दुवा घ्यायची दोन बटणं आहेत, एकाखाली एक. खालचं दाबून घेतलेला दुवा दिला तर प्रत्येक माणसाला नमुन्याची स्वतंत्र प्रत मिळते, त्याची त्याच्यापाशी. वरचं दाबून घेतलेला दुवा दिला तर प्रत्येकजण थेट माझ्या मूळ फाइलमध्येच शिरतो आणि हवं ते बदलतो. तीन वर्षं मी खालचं दाबत आले. शुक्रवारी, ए-फोरच्या घाईत, मी वरचं दाबलं. लेटरसाठीही आणि ए-फोरसाठीही. पाच दिवस मी घरोघरच्या मयतांना एकाच कागदावर झोपवलं होतं.

"अगं काय झालं?" गॉर्डने विचारलं.

"माती खाल्ली मी," मी म्हणाले. "माझीच चूक आहे. त्या माणसाची नाही."

पहिल्यांदा मी काय केलं? तो दुवाच बंद केला. घाबरले की मी आधी दार लावून घेते. दोन्ही बाण गडप झाले. आणि लगेच थर्मनचा निरोप: "आता तर उघडतच नाही. उद्या सकाळी दहाला आहे. छापखाना पाचला बंद होतो. मॅडम, तुम्ही तिथे माणूस आहात की नुसतं यंत्र आहे?"

याला कुठलं बटण दाबणार? मी माझा फोन नंबर लिहून पाठवला आणि पुढे लिहिलं, "माणूस आहे. चूक माझी आहे. फोन करा."

फोन लगेच आला. आवाज खरखरीत होता, सर्दी झालेल्यासारखा.

"बीझली बोलतोय."

"मी कोरीन झिलस्ट्रा. बीझलीसाहेब, तुम्ही काहीही चुकवलेलं नाही. मी तुम्हाला चुकीचा दुवा दिला. तुमच्याबरोबर आणखी लोक त्याच कागदावर लिहीत होते."

तो मग म्हणाला, "म्हणजे कुणी मुद्दाम नव्हतं करत."

"नाही हो."

"मला वाटलं मलाच येत नाही. त्या लायब्ररीतल्या पोरीलाही तसंच वाटलं. ती तीनदा येऊन सांगून गेली, काका, साठवायला विसरताय."

मला त्या वेळी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. सकाळपासून मी त्याला तेच तर ऐकवत होते, फक्त गोड शब्दांत.

"तुम्ही पत्रिका करायची नाही," मी म्हणाले. "मी करते. तुम्ही सांगा, मी लिहिते. तुमच्याकडे पाच म्हणजे माझ्याकडे सहा, भरपूर वेळ आहे."

"मला आता सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "काल लिहिलं होतं. काल ते आपोआप येत होतं. आज सहा वेळा लिहिलं आणि दर वेळी कमी कमी आठवलं. आता नाव आणि तारखाच टाका. तेवढंच पुरे."

फोन कानाशी धरूनच मी फाइलचा इतिहास उघडला. ते संकेतस्थळ बदल झाले की अधूनमधून आपणहून एक प्रत जपून ठेवतं, वेळेसकट. मी वरून खाली वाचत गेले, आणि ते मला वाचायला नको होतं असं अजून वाटतं. दुपारी बारा पाच: "लॅव्होन बीझली. १९५०." त्याआधी: "लॅव्होन बीझली. चांगली होती." त्याआधी चार ओळी. त्याआधी सहा. मध्ये मध्ये दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे फोटो. आणि अगदी तळाशी, मंगळवार, दुपारी तीन दहा, भरलेलं पान.

"बीझलीसाहेब," मी म्हणाले, "कालचं सापडलं."

"सगळं?"

"सगळं. वाचू का?"

"वाचा."

मी वाचलं. लॅव्होनने एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली. सहा नंबरचा रस्ता. कुठलं मूल न खाता आलंय हे तिला पायरी चढतानाच कळायचं, म्हणून गाडीच्या कप्प्यात बिस्किटं असायची आणि ती कुणाला दिली हे तिने शाळेला कधी कळू दिलं नाही. रात्री मला खोकला आला की ती झोपेतच माझ्या पाठीवर हात ठेवायची, सकाळी तिला ते आठवायचं नाही. त्रेपन्न वर्षांत तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही.

आवाज चढवला नाही, हे वाचता वाचता मी अडखळले. कारण वरच्या नोंदीत, मंगळवारी संध्याकाळी, तीच वाक्यं होती. बस काढलेली, बिस्किटं काढलेली, पण पाठीवरचा हात तसाच होता आणि आवाज न चढवणंही तसंच. फक्त लॅव्होनच्या जागी 'आमची आई' होतं आणि फोटोत जॉर्जियाच्या डेनिटाबाईंची आई. सकाळी मी आभार मानले होते ते याचे. त्यांनी 'लॅव्होन' असं स्पष्ट लिहिलं होतं आणि कौतुकाच्या नादात मी ते वाचलंच नव्हतं.

लपवून काय मिळणार होतं? मी सांगून टाकलं. "आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या मागून एक बाई त्याच फाइलमध्ये आल्या. त्यांना वाटलं हा माझ्या नमुन्यातला मजकूर आहे. त्यांनी त्यातली दोन वाक्यं त्यांच्या आईसाठी घेतली. छापायलासुद्धा दिली."

"कुठली दोन?"

"पाठीवरचा हात. आणि तुमच्यावर कधी आवाज चढवला नाही ते."

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतोय. मग कळलं, हसतोय आणि त्याला खोकला येतोय.

"तेवढं एकच खोटं लिहिलं होतं मी," तो म्हणाला. "बाकी सगळं खरं आहे. ती ओरडायची हो! बसमध्ये पन्नास पोरांवर ओरडून ओरडून घसा तयार झालेला, घरी काय सोडते? थर्मन, बूट बाहेर! थर्मन, ऐकतोयस का मी काय म्हणतेय! मेलेल्या माणसाबद्दल बरं लिहायचं असतं म्हणून मी लिहिलं." तो पुन्हा खोकला. "काढा ते वाक्य."

"त्या जागी काय घालू?"

"ती ओरडायची, असं घाला. आणि मी ऐकायचो नाही."

"असंच?"

"असंच. चर्चमध्ये येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. खोटं छापलं तर हसतील."

मी तसंच घातलं. त्याने मुलीकडून फोटो मागवून मेलवर पाठवला. बसच्या दारात उभी, कमरेवर हात, रागावलेली दिसत होती. तारखा दोनदा वाचून दाखवल्या. नाव अक्षर-अक्षर सांगून पक्कं केलं. लेटर मापाची पीडीएफ बनवून त्याला पाठवली आणि लिहून दिलं की छापखान्यात सांगा, दोन्ही बाजूंनी छापायचं आणि कागद आखूड बाजूने उलटायचा, नाहीतर आतली पानं उलटी येतात. त्याच्याकडे चार वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेचारला त्याचा निरोप आला की छापखान्यातल्या माणसाने घेतलंय आणि आतली पानं सरळ आहेत.

मधल्या वेळात मी पीडीएफमध्ये खालच्या बटणाचे दुवे घातले आणि त्या आठवड्यातल्या बाकीच्या नऊ गिऱ्हाइकांना एकेक करून स्वतः लिहून कळवायला घेतलं. त्या 'पापा'वाल्याने उत्तरात मला जे सुनावलं ते मी गॉर्डलाही दाखवलं नाही. नऊजणांना नेमकं तेच लिहायचं होतं, पण डेनिटाबाईंच्या निरोपापाशी माझा हात अडला. त्यांची प्रार्थनासभा शनिवारी होती. त्यांना खरं सांगायचं म्हणजे त्यांच्या आईच्या पत्रिकेतली ती दोन वाक्यं एका अनोळखी माणसाने त्याच्या बायकोबद्दल लिहिली होती आणि त्यातलं एक तर साफ खोटं होतं, हे सांगायचं. न सांगायचं म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं श्रेय मी माझ्या नावावर ठेवून घ्यायचं.

मी थर्मनला फोन लावला. वाक्यं त्याची, तेव्हा हे त्यानेच ठरवावं असं मला वाटलं.

"त्या बाईंना सांगू का, की ते तुमचं आहे?"

"तुम्हाला सांगायचंय का?"

"मी त्यांना म्हणाले होते की मी मनापासून लिहिलंय."

"मग ते तुमचं तुम्ही निस्तरा," तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता पुढे म्हणाला, "पण ते वाक्य खोटं आहे हे नका सांगू. कोण जाणे, त्यांची आई खरंच ओरडत नसेल."